स्टॉपवॉच, खुर्ची आणि मावशीचा तोल

माझी मावशी मागच्या पौषात पडली. सकाळी साडेपाचला पलंगावरून उठून ती थेट देवघराकडे निघाली आणि चार पावलांत भिंतीला टेकत खाली बसली. मोडलं काही नाही, फक्त कोपर खरचटलं. घरातल्या सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मला मात्र दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. तेव्हा अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर झालं, हाड जुळलं आणि विषय संपला. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतंच कसं, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तरी मीही विचारला नाही. ती चूक मला अजून लागते. म्हणून या वेळी कोपराला मलम लावून झाल्यावर मी वही काढली आणि रीतसर तपासणी केली. तीच कृती इथे लिहिते आहे. ती कोणालाही घरी करता येते. तपासणीनंतर काय करायचं, हे मात्र थोडं तुमच्या हातात असतं आणि थोडं डॉक्टरांच्या.

आधी तीन प्रश्न विचारायचे. गेल्या वर्षभरात पडलात का? उभं राहताना किंवा चालताना डळमळल्यासारखं वाटतं का? पडण्याची भीती वाटते का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर पुढच्या चाचण्या करायच्या. 'पडलात का' हे एकदा विचारून भागत नाही. आपली माणसं पडण्याला पडणं म्हणत नाहीत. 'जरा पाय घसरला', 'बसलेच मी खाली', 'चक्कर आली एवढंच' असं म्हणतात. मावशी पहिल्यांदा 'नाही' म्हणाली. 'पाय घसरून कधी खाली बसलीस का?' असं विचारल्यावर दोन प्रसंग निघाले, आणि त्यातला एक तिच्या मधल्या मुलीलाही माहीत नव्हता.

काही उत्तरांवर घरी चाचण्या करत बसायचं नाही, सरळ डॉक्टर गाठायचा. वर्षात दोन किंवा जास्त वेळा पडणं, पडून दवाखान्यात जावं लागेल अशी इजा होणं, पडताना शुद्ध हरपणं, किंवा पडल्यावर स्वतःहून उठता न येणं. यांतलं एक जरी असेल तरी धोका मोठा धरतात. मावशी तशी याच गटात येत होती. तिच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, त्यांच्या भेटीच्या आधी आकडे हातात असावेत म्हणून मी चाचण्या करून घेतल्या.

साहित्य फार लागत नाही. हाताची आणि बिनहाताची अशा दोन घट्ट खुर्च्या, मापाची टेप, जमिनीवर लावायला रंगीत चिकटपट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि वही. खुर्ची प्लास्टिकची, डुगडुगणारी नको. शक्य असेल तर दोन माणसं असावीत. एकाने वेळ मोजायची. दुसऱ्याने ज्यांची चाचणी चालली आहे त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभं राहायचं, हात लावायचा नाही पण लावता येईल इतकं जवळ. चाचणी नेहमीच्या चपला किंवा बूट घालून करायची. मध्ये छातीत दुखलं, धाप लागली किंवा गरगरलं तर तिथेच थांबायचं.

पहिली चाचणी: उठून चालून परत बसणे

हाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. खुर्चीपासून 3 मीटर मोजून जमिनीवर पट्टी लावायची. सांगायचं ते एवढंच: 'मी निघा म्हटलं की उठा, नेहमीच्या चालीने पट्टीपर्यंत जा, वळा, परत या आणि बसा.' खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तरी चालतो, काठी रोजची असेल तर तीही चालते. 'निघा' म्हणताच घड्याळ सुरू, पाठ खुर्चीला टेकली की बंद. एकदा सराव करू द्यायचा, दुसऱ्या वेळची वेळ लिहायची.

इथे एक गडबड हमखास होते. घड्याळ दिसलं की माणसं शर्यत लावतात. मावशीही पहिल्या फेरीत पदर खोचून निघाली. ती वेळ मी लिहिलीच नाही. 'बाजारात जातेस तशी चाल' असं सांगितल्यावर खरी चाल दिसली, आणि वेळ भरली 16 सेकंद. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पद्धतीत 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. 2022 च्या जागतिक मार्गदर्शिकेत ही रेघ 15 सेकंदांच्या पुढे आहे. दोन्ही रेघांच्या पलीकडे मावशी होती.

पण आकड्याइतकंच डोळ्यांनी पाहायचं. उठताना पहिल्या प्रयत्नात जमलं का? वळताना ती एका पावलात गर्रकन वळते की पाच-सहा छोटी पावलं टाकते? हात हलतात का? पावलं जमिनीवरून उचलली जातात की सरकतात? छोटी सरकती पावलं, न हलणारे हात आणि वळताना अडकणं असं एकत्र दिसलं तर तो नुसता अशक्तपणा नसून पार्किन्सनसारखा मज्जासंस्थेचा आजार असू शकतो, आणि ते मेंदूविकारतज्ज्ञांनी बघायला हवं. आणखी एक साधी खूण सांगते. त्यांच्यासोबत चालताना सहज काहीतरी विचारायचं, 'आज भाजी कुठली केलीस?' बोलण्यासाठी ज्यांना चालणं थांबवावं लागतं, त्यांचं बरंच लक्ष तोल सांभाळण्यातच खर्च होत असतं. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्ये हे दाखवून दिलं, आणि मला ही खूण घड्याळाइतकीच उपयोगी वाटते.

दुसरी चाचणी: 30 सेकंदांत किती वेळा उठता

ही पायांच्या ताकदीची. आता खुर्ची बिनहाताची, जमिनीपासून बसण्याची उंची साधारण 43 सेंटिमीटर, पाठ भिंतीला. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे, तळवे खांद्यांवर. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. 'सुरू' म्हटलं की पूर्ण सरळ उभं राहायचं, पुन्हा पूर्ण बसायचं. 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. वेळ संपताना अर्ध्याहून जास्त वर आलेलं असेल तर तेही एक धरायचं. हातांनी खुर्ची किंवा मांडी दाबून उठावं लागलं तर गुण शून्य.

70 ते 74 वर्षांच्या बाईला 10 पेक्षा कमी आणि पुरुषाला 12 पेक्षा कमी जमलं तर ते वयाच्या मानाने कमी. 80 ते 84 मध्ये हेच आकडे 9 आणि 10 होतात. 74 वर्षांच्या मावशीला 7 वेळा जमलं, आणि शेवटच्या दोन वेळा गुडघे आत झुकत होते. हे आकडे अमेरिकी माणसांवरून काढलेले आहेत. आयुष्यभर मांडी घालून बसणाऱ्या, उकिडवं बसून भांडी घासणाऱ्या बाईचे ते नेमके तितकेच असतील असं नाही. म्हणून आकडा सीमेजवळ असेल तर त्यावरून घाबरवायचं नाही, पण तीन महिन्यांनी त्याच खुर्चीवर तीच चाचणी घेतली की फरक खरा कळतो. खुर्ची बदलली तर तुलना गेली. आमच्या वहीत खुर्चीची उंचीही लिहिलेली आहे.

गुडघेदुखीने कमी आकडा येतो तेव्हा 'ताकद कमी' असा निष्कर्ष घाईने काढू नये. दुखतं म्हणून थांबले की दम संपला म्हणून, हे विचारून शेजारी लिहावं. उपाय दोन्हींचे वेगळे सुरू होतात.

तिसरी चाचणी: उभं राहण्याचे चार प्रकार

ही ओट्याजवळ किंवा भिंतीजवळ घ्यायची, म्हणजे हात टेकायला जागा राहते. काठी न धरता, डोळे उघडे ठेवून, प्रत्येक प्रकारात 10 सेकंद. पहिला, पावलं जुळवून शेजारी शेजारी. दुसरा, एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला, म्हणजे अर्धं पुढे. तिसरा, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लागेल असे दोन्ही पाय एका रेषेत. चौथा, एका पायावर. पाऊल लावून द्यायला मदत करावी, मग हात काढून वेळ सुरू करावी. पाय हलला किंवा आधार घेतला की वेळ थांबली, आणि पुढचा प्रकार करायचा नाही.

तिसरा प्रकार 10 सेकंद जमला नाही तर धोका वाढलेला आहे असं धरतात. मावशीला तिथे 4 सेकंद मिळाले. तिला फार आश्चर्य वाटलं, कारण रोज सकाळी अर्धा तास फिरण्याची तिची सवय होती. फिरणं चांगलंच, पण सरळ रस्त्यावर नेहमीच्या गतीने चालताना तोल डळमळावा अशी वेळच येत नाही, मग तो सुधारणार कसा? तोलाची चाचणी आणि तोलाचा व्यायाम हे दोन्ही थोड्या डळमळीवरच उभे आहेत.

चौथी चाचणी: आडवं आणि उभं असतानाचा रक्तदाब

घरात ही फारशी कुणी करत नाही, आणि मावशीचं गूढ इथेच उकललं. 5 मिनिटं शांत पडून राहायचं, रक्तदाब मोजायचा. मग उभं राहायचं, आणि उभं राहिल्यावर 1 मिनिटाने आणि 3 मिनिटांनी पुन्हा मोजायचा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, किंवा उभं राहताच डोक्यात हलकं वाटलं, तर ते महत्त्वाचं. यंत्राचा पट्टा त्याच दंडावर ठेवायचा, हात हृदयाच्या पातळीवर आधार देऊन धरायचा, आणि शेजारी बसायला खुर्ची हवीच.

मावशीचा आडवा रक्तदाब 148/82, एका मिनिटानंतर 122/76, तीन मिनिटांनी 126/76. म्हणजे वरचा आकडा 26 ने उतरला. सकाळी उठल्या उठल्या ती देवघरापर्यंत का पोचली नाही याचं उत्तर या वहीच्या पानावर होतं. बहुतेक घरांत रक्तदाब बसवून मोजतात आणि 'थोडा जास्त आहे' म्हणून गोळी वाढवली जाते. उभं राहिल्यावर तो कुठे जातो हे पाहिलं जात नाही. ज्यांना मधुमेह आहे, जे लघवी जास्त होण्याची गोळी घेतात, किंवा प्रोस्टेटची गोळी घेतात, त्यांच्यात ही चाचणी मी कधी सोडत नाही.

आकड्यांवरून काय करायचं ठरलं

या चाचण्या भविष्य सांगत नाहीत. उठून चालण्याच्या एका चाचणीवरून कोण पडेल हे नेमकं सांगता येत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यांचा खरा उपयोग कुठे काम करायचं हे कळायला होतो. मावशीच्या बाबतीत पानावर चार गोष्टी होत्या: पाय कमजोर, तोल कमजोर, उभं राहताच रक्तदाब उतरतो, आणि एक हाड आधीच मोडलेलं. चारही गोष्टींचे उपाय वेगळे आहेत, आणि शेवटच्या गोष्टीला सगळ्यांत उशीर झाला होता.

आधी औषधांकडे वळू, कारण तिथे फरक लवकर पडतो. मी मावशीच्या सगळ्या गोळ्या एका ताटात काढल्या. त्यात रक्तदाबाची दुहेरी गोळी होती, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही होतं, आणि झोपेसाठी अल्प्राझोलम होती. ती पाच वर्षांपूर्वी काकांच्या निधनानंतर सुरू झाली आणि चालूच राहिली. झोपेच्या आणि मनाच्या गोळ्या, सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, अमिट्रिप्टिलीन, मधुमेहातल्या साखर फार उतरवणाऱ्या गोळ्या, ही पडण्याशी जोडलेली औषधं आहेत. न्यूझीलंडमध्ये अशा मनाच्या आणि झोपेच्या गोळ्या हळूहळू बंद केलेल्या वृद्धांत पडण्याचं प्रमाण 66 टक्क्यांनी घटलं होतं. पण त्याच अभ्यासातल्या बऱ्याच जणांनी नंतर गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हेही खरं. झोपेची गोळी स्वतःहून एकदम बंद करायची नाही. झोप उडते, बेचैनी वाढते, काहींना झटकेही येतात. डॉक्टरांनी मावशीची मात्रा दर दोन आठवड्यांनी थोडी कमी करत नेली, आणि रक्तदाबाच्या गोळीतला लघवीचा भाग काढून टाकला. शिवाय मी तिला एक सवय लावली: उठल्यावर आधी पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं वीस वेळा वरखाली करायची, मग उभं राहायचं, पलंग धरून दहापर्यंत मोजायचं आणि नंतरच चालायचं. उन्हाळ्यात आणि उपवासाच्या दिवशी पाणी कमी पडू द्यायचं नाही, कारण त्या दिवशी रक्तदाब आणखी उतरतो.

व्यायाम: तीन दिवस, अर्धा तास

न्यूझीलंडच्या ड्यूनेडिन शहरातल्या ओटागो विद्यापीठात बनवलेला घरचा व्यायाम वृद्धांसाठी जगभर वापरला जातो. 1997 मध्ये तो पहिल्यांदा 80 वर्षांच्या पुढच्या बायकांवर तपासला गेला. साचा साधा आहे: आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास पायांची ताकद आणि तोल, आणि चालणं वेगळं. मावशीला मी त्याच्याच आधारे, आमच्या घराला साजेसं केलं.

पहिलं, खुर्चीतून उठणं. हात न लावता उठता यायलाच हवं, म्हणून खुर्चीवर गोधडीच्या दोन घड्या ठेवल्या. पाठ पुढे झुकवून, नाक पायांच्या बोटांच्या पुढे आणून उठायचं, आणि तीन मोजत हळू बसायचं. धपकन बसलं तर अर्धा व्यायाम गेला, कारण उतरताना शरीर थोपवणारी ताकदच पडताना कामाला येते. सुरुवातीला पाच, मग विश्रांती, मग पाच. तीन आठवड्यांनी एक घडी काढली, सहाव्या आठवड्यात दुसरी.

दुसरं, पायांच्या वजनाचे व्यायाम. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करणं, उभं राहून पाय मागे वाकवणं, आणि पाय बाजूला उचलणं. बाजूला उचलण्याला मी सर्वांत जास्त महत्त्व देते, कारण एका पायावर शरीर पेलणारे खुब्याचे स्नायू तिथे कामाला लागतात. घोट्याला बांधायच्या वजनपट्ट्या खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतात. सुरुवात अर्ध्या किंवा एक किलोने. आठ ते दहा वेळा सहज झालं की, आणखी दोन जमतील असं वाटेल तिथे, दुसरा फेरा लावायचा. दुसरा फेराही सोपा वाटला की वजन वाढवायचं. महिनाभर त्याच वजनावर राहणं ही नेहमीची चूक आहे. स्नायूला जड गेलं नाही तर तो बदलत नाही. टाचा उचलणं आणि चवडे उचलणं ओटा धरून, दहा-दहा.

तिसरं, तोल. चाचणीतले तेच प्रकार: टाचेला बोटं लावून उभं राहणं, एका पायावर उभं राहणं, ओट्याच्या कडेने बाजूला चालणं, पुढे टाचेला बोटं लावत चालणं, मागे चालणं. नियम एकच: डळमळायला हवं, पण हात लागेल इतक्या अंतरावर ओटा हवा. दोन्ही हात धरून सुरुवात, मग एक हात, मग दोन बोटं, मग हात फक्त वर धरलेले. जे आधाराशिवाय सहज दहा सेकंद जमतं ते सोडून पुढचा प्रकार घ्यायचा. मावशी आठवडाभर दोन्ही हातांनी ओटा घट्ट पकडून उभी राहायची आणि 'जमलं' म्हणायची. हात सुटल्याशिवाय काहीच जमलेलं नसतं. व्यायाम चालू असताना दुसऱ्या माणसाने घरात असावं, निदान पहिला महिना.

चालणं मी मुद्दाम नंतर ठेवलं. आधी हाताचं हाड मोडलेल्या बायकांना वेगाने फिरायला लावल्यावर ब्रिटनमधल्या एका अभ्यासात त्या जास्त पडल्या होत्या. महिनाभर पाय घडवल्यावर मावशीचं फिरणं पुन्हा सुरू झालं, आणि सकाळच्या अंधाराऐवजी उजेडात.

व्यायामाने नेमकं किती होतं हे पाहायचं तर 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात शंभराहून जास्त अभ्यास एकत्र पाहिले. व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटलं, आणि तोल व ताकद दोन्ही असलेल्या व्यायामाने सुमारे 34 टक्क्यांनी. पण जास्त फायदा आठवड्यातून तीन तासांच्या आसपास, आणि महिने न महिने केल्यावर दिसतो. चार आठवड्यांत बंद केलं तर मिळालेलं निघून जातं.

मोडलेल्या हाडाचा प्रश्न

पडणं थोडं कमी झालं तरी पुन्हा कधीतरी पडणं होईल, हे गृहीत धरून हाडाची तयारी हवी. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट, मणका किंवा खुब्याचं हाड मोडलं तर ते ठिसूळ हाडाचं लक्षण असतं. हाड जुळवून काम संपत नाही. डॉक्टरांनी मावशीची हाडांची घनता मोजली, टी-स्कोअर आला उणे 2.8. उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. खुब्याचं हाड मोडलेलं असेल तर घनतेच्या आकड्याची वाट न पाहता औषध सुरू करतात.

औषध कोणतं, हे डॉक्टर ठरवतील, पण घरच्यांना काही गोष्टी माहीत असाव्यात. ॲलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी उपाशी पोटी, साध्या पाण्याच्या पूर्ण पेल्याबरोबर घ्यायची असते, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. चहाबरोबर घेतली तर ती नीट शोषली जात नाही. ज्यांना हे जमत नाही त्यांना वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन देतात. 2007 मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते दिलेल्या रुग्णांत नवे फ्रॅक्चर 35 टक्क्यांनी कमी झाले, आणि मृत्यूही 28 टक्क्यांनी कमी. आधी मूत्रपिंडाचं काम, रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासायचं, दातांचं मोठं काम उरकून घ्यायचं. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते, ती अपेक्षितच आहे. मावशीने हेच घेतलं आणि दोन दिवस ती पडून होती. आधी सांगून ठेवल्यामुळे कोणी घाबरलं नाही. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब ज्यांना सुरू आहे त्यांनी तारीख चुकवायची नाही. ते मध्येच थांबलं की हाडांची झीज झपाट्याने परतते आणि मणके मोडू शकतात.

ड जीवनसत्त्वाबद्दल एक सांगायलाच हवं, कारण 60,000 युनिटच्या पुड्या घरोघरी आहेत. कमतरता असेल तर त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरत्या घ्याव्यात. जास्त घेतल्याने हाड जास्त मजबूत होत नाही. ऑस्ट्रेलियात वर्षातून एकदा 5 लाख युनिट दिलेल्या बायका न दिलेल्यांपेक्षा जास्त पडल्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली. मावशी वर्षभर दर रविवारी पुडी घेत होती, कारण कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.

घर, डोळे आणि पडल्यावर उठणं

घरात मी तीनच बदल केले. मोरीत भिंतीत पक्का बसवलेला कठडा लावला. टॉवेलची दांडी धरायला नसते, ती वजनाने निघून येते. पायपुसणं आणि चटया मागून चिकटवल्या किंवा उचलल्या. पलंगापासून संडासापर्यंत रात्री जळणारा मंद दिवा लावला. पातळाच्या काठाचा घेर वर खोचला आणि सैल स्लिपरऐवजी टाच असलेली चप्पल घेतली. चष्म्याचंही एक कळलं. वर दूरचा, खाली वाचायचा असा चष्मा पायऱ्या उतरताना फसवतो, कारण पाय पाहताना वाचायचा भाग समोर येतो. बाहेर नेहमी फिरणाऱ्यांनी रस्त्यासाठी दूरचा वेगळा चष्मा ठेवला तर पडणं कमी होतं. मोतीबिंदू असेल तर पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबवू नये.

पडल्यावर उठण्याचा सराव आम्ही गादीवर केला. आधी थोडं थांबायचं आणि कुठे दुखतं ते पाहायचं. एका कुशीवर वळायचं, कोपरावर येऊन हाताने रेटत दोन्ही गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, खुर्चीवर हात ठेवून ताकदीचा पाय पुढे रोवायचा, आणि उठून वळून बसायचं. मावशीला जमिनीवर बसायची सवय असल्याने हे पटकन जमलं. पण खुबा किंवा मांडीत तीव्र वेदना असेल, तो पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर उठायचा प्रयत्न करायचा नाही, ओढायचंही नाही. पांघरूण घालून 108 ला फोन करायचा. खुब्याच्या फ्रॅक्चरची शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर, एक-दोन दिवसांत व्हावी लागते. 'दोन दिवस बघू' म्हणत घरी ठेवलेल्या रुग्णाला न्यूमोनिया आणि बेडसोअर गाठतात.

सोळा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच पट्टीपर्यंत पुन्हा मोजलं. चालून परत यायला 12.5 सेकंद, 30 सेकंदांत 10 वेळा उठणं, टाचेला बोटं लावून पूर्ण 10 सेकंद. एका पायावर अजून 3. उभं राहिल्यावर रक्तदाबाचा उतार 9. झोपेची गोळी पाव उरली आहे, आणि ती शेवटची पाव सोडताना रात्री दोनदा उठावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी ती आणखी महिनाभर ठेवली. पुढची मोजणी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आहे. वजनपट्टी आता दीड किलोची झाली आहे, आणि मावशी ओट्यावर फक्त करंगळी टेकवून उभी राहते.